एअरबॅगची लाईट आणि ग्रुपवर फिरणारा तो मेसेज

"एअरबॅगची लाईट लागली तर गॅरेजवाल्याला पैसे देऊ नका. सीटखालचं पिवळं कनेक्टर हलवा, नाहीतर बॅटरीची वायर दहा मिनिटं काढा, लाईट जाते. नाही गेली तरी बेल्ट लावला की पुरे."

निपाणीपासून खानापूरपर्यंत गाडीवाल्यांच्या ग्रुपवर हे फिरायलंय, आणि यातलं थोडं खरं आहे म्हणूनच मला जास्त भीती वाटते.

कनेक्टरचं खरं आहे. कणकुंबी-जांबोटीकडच्या पावसात मॅट ओली राहते, पाणी कार्पेटखाली मुरतं आणि पिनांना गंज धरतो, नाहीतर सीट मागंपुढं करताना वायर ताणते. आमच्या मामांच्या गाडीत सीट मागं घेतली की लाईट लागायची, पुढं घेतली की पुढच्या स्टार्टला जायची. स्कॅनरवर फॉल्ट आला ड्रायव्हरच्या बेल्ट प्रिटेन्शनरच्या, म्हणजे धडकेच्या क्षणी बेल्ट खेचून घट्ट करणाऱ्या भागाच्या, सर्किटचा, रेझिस्टन्स जास्त. असल्या सर्किटचा रेझिस्टन्स साधारण २ ओमच्या आसपास असतो, गंजानं जरासा वाढला तरी एअरबॅगचं कंट्रोल मॉड्यूल पकडतंय. हलवून लाईट गेली असती, पण गंज तिथंच राहिला असता, म्हणून पिनाच बदलल्या आणि मग फॉल्ट क्लिअर केला.

आणि हलवा म्हणणाऱ्यानं हे सांगितलंच नाही की त्या पिवळ्या कनेक्टरच्या पलीकडं बेल्ट खेचणारं नाहीतर एअरबॅग फुगवणारं बारूद आहे! इग्निशन ऑन ठेवून हात घालायचा नाही, मल्टिमीटर तर लावायचाच नाही, त्याच्या करंटनंसुद्धा ते फुटू शकतं. बॅटरीची निगेटिव्ह काढली तरी मॉड्यूलमधल्या कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो, म्हणून मॅन्युअलमध्ये लिहिलेली मिनिटं थांबावं लागतं. हे काम माहितगारालाच करू द्या.

बॅटरी काढून बहुतेक गाड्यांत हा फॉल्ट पुसला जात नाही, तो मॉड्यूलच्या मेमरीत राहतो. साधा इंजिनचा स्कॅनर बऱ्याचदा तो वाचतही नाही, एसआरएस म्हणजे एअरबॅगची सिस्टिम वाचणारा स्कॅनर आहे का ते आधी विचारा.

आता बेल्टचं. तो प्रिटेन्शनर त्याच मॉड्यूलवर चालतो, म्हणजे लाईट लागलेली असताना बेल्ट लॉक होईल, पण खेचला जाईलच असं नाही, आणि बऱ्याच गाड्यांत एका फॉल्टवर सगळ्याच एअरबॅग बंद पडतात. वंटमुरी घाटात समोरून ट्रक आल्यावर ते कळून काय उपयोग? बेल्ट तरीही लावाच, पण स्टिअरिंग फिरलं तरी त्यातल्या एअरबॅगची वायर जोडून ठेवणारा, स्टिअरिंगमागचा क्लॉक स्प्रिंग आणि बंपरमागचा क्रॅश सेन्सरही तपासून घ्या, कारण कनेक्टर ठीक असला तरी ह्या दोघांमुळंही लाईट लागते.

सेकंडहॅन्ड गाडी बघताना चावी ऑन केली की ही लाईट काही सेकंद लागून विझलीच पाहिजे. अजिबात लागलीच नाही तर कुणीतरी बल्ब काढलेला असू शकतो, ती गाडी स्कॅन केल्याशिवाय घेऊ नका.