टाचेवरचा काळा डाग आणि मिलिमीटरचा हिशेब

"तीळ दुखत नसेल तर घाबरायचे कारण नाही. तो खूप मोठा झाला तरच धोका असतो. आणि तिळाला कधीही ब्लेड लावू देऊ नका, कापला की कॅन्सर अंगभर पसरतो." (व्हॉट्सॲपवर फिरणारा संदेश)

मेलॅनोमा हा कातडीतील रंगपेशींचा कॅन्सर सुरुवातीला बहुधा दुखतच नाही, म्हणून दुखण्याऐवजी आकार आणि कड पाहावी. साध्या तिळातील रंगपेशी ठरावीक मर्यादेपर्यंत वाढून थांबतात, त्यामुळे मधोमध रेघ कल्पिली तर दोन्ही बाजू जवळपास सारख्या दिसतात आणि कड स्वच्छ असते. मेलॅनोमात पेशींचे वेगवेगळे गट निरनिराळ्या वेगाने पसरतात. म्हणून एक बाजू दुसरीशी जुळत नाही, कडेला खाचा पडतात, किंवा टिपकागदावर शाई फुटावी तसा रंग कातडीत विरत जातो. मात्र गाठीसारखा वर वाढणारा प्रकार गोल आणि सुबकही असू शकतो. तेथे काही आठवड्यांत दिसलेली वाढ हीच खूण धरावी लागते.

भारतीयांमध्ये हा रोग मुळात विरळ आहे, पण होतो तेव्हा पुष्कळदा तळपायावर किंवा नखाखाली होतो. रावेर-यावलकडे केळीच्या बागेत अनवाणी राबणाऱ्याच्या टाचेवर असा डाग आला, तर तो मोडलेला काटा किंवा कुरूप समजून त्यावर बिब्बा लावला जाण्याची शक्यता मोठी. आणि बिब्ब्याने भाजलेल्या कातडीत पाहायची ती कडच पुसली जाते.

डागाची रुंदी संशय घेण्यास उपयोगी पडते, पण पुढचे भवितव्य मुख्यतः खोलीवर ठरते. पॅथॉलॉजिस्ट अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी 1970 मध्ये मांडलेल्या पद्धतीनुसार, कातडीच्या वरच्या थरापासून सर्वांत खोल गेलेल्या कर्कपेशीपर्यंतचे अंतर, म्हणजेच डागाची जाडी, सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. वरच्या थरात रक्तवाहिन्या नसतात. त्या आणि लसीकावाहिन्या खालच्या थरात असतात, म्हणून गाठ जितकी खोल, तितकी पेशींना बाहेर पडण्याची वाट अधिक. समजा, टाचेवरचा 9 मिलिमीटर रुंदीचा डाग 0.6 मिलिमीटर जाडीचा आणि व्रण नसलेला निघाला, तर भोवतालची सुमारे 1 सेंटिमीटर कातडी काढणे बहुधा पुरते. तेवढ्याच रुंदीच्या डागाची जाडी 2.4 मिलिमीटर भरली, तर 2 सेंटिमीटर कातडी काढावी लागते आणि जांघेतील पहिली लसीकाग्रंथीही तपासण्याचा सल्ला दिला जातो.

नीट काढलेल्या तुकडातपासणीमुळे कॅन्सर पसरतो, याला आधार नाही. खरी चूक निराळीच असते: संशयित डाग वरवर खरवडणे किंवा जाळणे. शक्य तेथे तो 1 ते 3 मिलिमीटर कडेसह संपूर्ण काढून पॅथॉलॉजीकडे पाठवावा लागतो. तळ कातडीतच राहिला तर जाडी अपुरी मोजली जाते, आणि जाळून टाकलेल्या डागाची तर मोजताच येत नाही.