दही, लिंबू आणि सावळ्या चेहऱ्यावरचे डाग

"सावळ्या किंवा गव्हाळ रंगाच्या बायकांनी चेहऱ्याला कुठलंही ॲसिड लावू नये, डाग आणखी काळे होतात. लॅक्टिक आणि मँडेलिक सौम्य असतं म्हणतात, ती सगळी कंपन्यांची जाहिरात. लॅक्टिकच हवं असेल तर घरचं दही लावा, त्यात तेच असतं, वर लिंबू पिळा. चुरचुरलं म्हणजे काम करतंय. पावसाळ्यात सनस्क्रीनची गरज नाही. प्रत्येक ताईपर्यंत पोहोचवा."

हा मेसेज मला सोसायटीच्या ग्रुपवरूनही आला आणि नात्यातल्या ग्रुपवरूनही. मी क्रीम-लोशनच्या फॉर्म्युलेशनचं काम करते, त्यामुळे खाली ठरलेला प्रश्न होताच: "खरं आहे का गं हे?" एका ओळीत उत्तर देण्यासारखा हा मेसेज नाही, कारण त्यात खरं आणि खोटं एकाच वाक्यात कालवलंय.

पहिल्या वाक्यातली भीती खरी आहे. गोऱ्या आणि सावळ्या त्वचेत रंग तयार करणाऱ्या पेशींची संख्या साधारण सारखीच असते; सावळ्या त्वचेत त्या जास्त रंग बनवतात आणि चटकन चेततात. पुटकुळी, ओरखडा, भाजणं, ओढून केलेलं वॅक्सिंग, काहीही झालं की तिथे दाह होतो आणि दाहाचा संदेश मिळाला की या पेशी कामाला लागतात. पुटकुळी आठवड्यात बसते, डाग मात्र महिनोन् महिने राहतो. ॲसिडने दाह झाला तरी हेच होणार. म्हणजे डाग पाडतो तो दाह, आणि दाह होईल की नाही हे कुठलं ॲसिड, किती, किती पीएचला आणि कुणाच्या चेहऱ्यावर लावलं यावर ठरतं. 'कुठलंही' या शब्दाशी माझं भांडण आहे ते एवढ्यासाठी.

आता 'जाहिराती'कडे येऊ. हा मुद्दा मला सगळ्यात आवडतो, कारण तो निम्मा बरोबर आहे.

लॅक्टिक आणि मँडेलिक त्वचेचा वरचा थर पातळ करणाऱ्या ॲसिडांच्या घराण्यातली. त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध ॲसिड ग्लायकोलिक. त्याचा रेणू सगळ्यात लहान, रेणुभार 76. लॅक्टिकचा 90, मँडेलिकचा 152. लहान रेणू त्वचेत भसकन शिरतो, मोठा सावकाश आणि जरा एकसारखा उतरतो. एवढं सगळेच सांगतात. पण बाटलीवरच्या टक्क्यांचं गणित फारसं कुणी करून दाखवत नाही. टक्के वजनावर मोजतात. मँडेलिकचा रेणू ग्लायकोलिकच्या दुप्पट जड, म्हणून 10 टक्क्यांच्या बाटलीत त्याचे रेणू निम्मेच भरतात. शिवाय त्यातले सगळे काम करत नाहीत. जे मुक्त ॲसिडच्या रूपात असतात तेच आत शिरतात, आणि मुक्त किती राहणार हे पीएच ठरवतो. पीएच 3.8 ला ग्लायकोलिक आणि लॅक्टिक दोन्ही साधारण अर्धे मुक्त असतात. मँडेलिक त्याच पीएचला तीस टक्क्यांच्या आसपासच मुक्त असतं. दोन्ही गोष्टी एकत्र धरल्या तर सारख्या टक्क्यांच्या आणि सारख्या पीएचच्या बाटल्यांमध्ये मँडेलिकचे कामाचे रेणू ग्लायकोलिकच्या एक तृतीयांशाहूनही कमी भरतात. वर ते सावकाश उतरतात. मँडेलिकला सौम्य म्हणणं हा हिशेब आहे, कुणाची मेहेरबानी नाही.

हाच हिशेब लॅक्टिकला लावला तर ते ग्लायकोलिकपेक्षा किंचितच मागे पडतं. इथे मेसेज लिहिणारीचा संशय अगदीच वावगा नाही. लॅक्टिकचा सौम्यपणा येतो तो मुख्यतः दुसरीकडून: त्वचेच्या वरच्या थरात ओलावा धरून ठेवणारं जे नैसर्गिक मिश्रण असतं, त्यात लॅक्टिकचे क्षार मुळातच असतात. ते पाणी धरतं, म्हणून कोरडी त्वचा त्याला ग्लायकोलिकपेक्षा बरी साथ देते. पण 10 टक्के लॅक्टिक रोज रात्री लावलं तर त्याला सौम्य म्हणायला मी तयार नाही. तेलकट, पुटकुळ्यांची आणि डाग चटकन पडणारी त्वचा असेल तर मी मँडेलिककडे झुकते. ते तेलातही थोडं मिसळतं आणि जिवाणूंवरही काही प्रमाणात चालतं. कोरडी, पापुद्रे सुटणारी त्वचा असेल तर कमी टक्क्यांचं लॅक्टिक. बाटलीवर पीएच बहुतेक वेळा छापलेला नसतो. मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटवर लॅबचं सामान विकणाऱ्या दुकानांत पीएचच्या पट्ट्या मिळतात, पातळ सीरमवर त्या कामचलाऊ उत्तर देतात. घट्ट क्रीमवर त्यांचा भरवसा धरू नका.

दह्याचा मुद्दा या गणितानेच निकालात निघतो. दह्यात लॅक्टिक ॲसिड साधारण एक टक्का, पीएच साडेचारच्या आसपास. त्या पीएचला लॅक्टिकचा पाचवा हिस्साही मुक्त राहत नाही. म्हणजे चेहऱ्यावर कामाचं ॲसिड पडतं पाव टक्क्याहूनही कमी, तेही वीस मिनिटांत धुऊन जातं. दही लावल्याने चेहरा मऊ वाटतो तो त्यातल्या स्निग्धपणामुळे आणि पाण्यामुळे. खुशाल लावा, डागांची अपेक्षा धरू नका. मात्र बेसन घालून ते खसाखसा चोळून काढण्याची जी पद्धत आहे, ती सावळ्या त्वचेला दह्यापेक्षा जास्त महाग पडते. घर्षणानेही दाहच होतो.

आणि लिंबू? ज्या मेसेजची सुरुवात 'ॲसिड लावू नका' अशी होते, त्यात लिंबू कसं शिरलं हे मला कळलेलं नाही. लिंबाच्या रसाचा पीएच दोनच्या आसपास असतो, म्हणजे घरी लावायला बाजारात मिळणाऱ्या बहुतेक सीरमपेक्षा कितीतरी आंबट. त्यात, विशेषतः सालीत, असे घटक असतात की ते अंगावर असताना ऊन लागलं तर त्वचा भाजल्यासारखी होते आणि मागे गडद तपकिरी चट्टे राहतात. सरबत करताना हातावर रस उडाला आणि नंतर उन्हात गेल्यावर ओघळाच्या आकाराचे डाग उठले, असे हात त्वचारोगतज्ज्ञ नेहमी पाहतात.

चुरचुरीबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण नुकसान बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतं.

माझी मामेबहीण भांडुपला राहते, अंधेरीला नोकरी. हनुवटीवर पुटकुळ्यांचे तपकिरी डाग होते. तिने 10 टक्क्यांचं लॅक्टिक सीरम आणलं आणि रोज रात्री लावायला लागली. फेसवॉश सॅलिसिलिक ॲसिडवाला होताच. पंधरा दिवसांनी ठरल्याप्रमाणे वरच्या ओठाचं थ्रेडिंग करून आली आणि त्याच रात्री नेहमीसारखं सीरम लावलं. चांगलंच चुरचुरलं, काम करतंय म्हणून ती खूश. पुढच्या आठवड्यात ओठावर आणि नाकपुड्यांच्या कडेला मिशीसारखी तपकिरी सावली उतरली.

गोऱ्या चेहऱ्यावर दाह लाल दिसतो. सावळ्या चेहऱ्यावर लाली दिसतच नाही किंवा जांभळट झाक येते, आणि ती रात्रीच्या ट्यूबलाइटखाली कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून डोळ्यांपेक्षा स्पर्शावर भिस्त ठेवावी लागते. ॲसिड लावल्यावर मिनिट-दोन मिनिटं मुंग्या आल्यासारखं होऊन थांबलं तर ते चालण्यासारखं आहे. खरी खूण दुसऱ्या दिवशी सकाळी कळते: साधं मॉइश्चरायझर लावल्यावर जर चुरचुरलं तर त्वचेचा वरचा राखण करणारा थर दुखावलाय. तोंड धुतल्यावर ताणल्यासारखं वाटणं, प्लास्टिकसारखी चकाकी येणं, गाल हाताला गरम लागणं, या त्याच वाटेवरच्या खुणा. बहिणीला त्या सगळ्या होत्या. चकाकीला तर ऑफिसात 'ग्लो आलाय' म्हणून दाद मिळाली होती.

तिला सगळी ॲसिडं बंद करायला लावली, तो फेसवॉशसुद्धा. साधा फेसवॉश, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, बस. मॉइश्चरायझर लावून काहीच जाणवेनासं व्हायला जवळपास महिना गेला. मग 5 टक्के मँडेलिक, आधी कानामागे, जबड्याच्या कडेला तीन रात्री लावून पाहिलं. त्यानंतर आठवड्यातून दोनदा, रात्री, चेहरा पूर्ण कोरडा झाल्यावर. ओल्या त्वचेत ॲसिड जास्त शिरतं. नाकपुड्यांच्या खोबणीत आणि ओठांच्या कोपऱ्यांत आधी व्हॅसलीनचं बोट, कारण तिथे त्वचा पातळ असते आणि सीरम साचतं. थ्रेडिंग, वॅक्सिंग किंवा ब्लीचच्या आधी आणि नंतर तीन दिवस सुट्टी. हनुवटीचे डाग तीनेक महिन्यांत फिके झाले. ओठावरची सावली, जी तिने स्वतः ओढवून घेतली होती, ती त्यानंतरही बराच काळ रेंगाळली.

सीरमची धाव मात्र वरच्या थरापुरतीच असते. तपकिरी डाग वर असतात, ते हलतात. राखाडी-निळसर झाक असलेले डाग खोल गेलेले असतात. तिथे ही सीरमं पोहोचत नाहीत, आणि जोर वाढवला तर वर नवा डाग पडतो. दोन्ही गालांवर सारखे पसरलेले वांगाचे डाग असतील तर डॉक्टरांकडे जा. त्यांच्याकडे सॅलिसिलिक-मँडेलिक पीलचा पर्याय असतो. भारतीय रुग्णांवर 35 टक्के ग्लायकोलिक पीलशी त्याची तुलना झालेली आहे, आणि पुटकुळ्यांच्या डागांसाठी सॅलिसिलिक-मँडेलिक सरस ठरलं. पील हे दवाखान्यात, घड्याळ लावून करायचं काम आहे. ऑनलाइन मागवलेल्या 30 टक्क्यांच्या बाटलीने न्हाणीघरात करायचं नाही. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळालेली, गोरं करणारी स्टेरॉइडवाली ट्यूब महिनोन् महिने लावत असाल, तर कुठलंच ॲसिड लावू नका. ती त्वचा आधीच पातळ झालेली असते. ट्यूब कशी सोडायची हेही डॉक्टरांनाच विचारा, एकदम बंद केली तर चेहरा उसळतो.

राहिला पावसाळा. ही ॲसिडं वरचा थर पातळ करतात, त्यामुळे त्वचा उन्हाला जास्त हळवी होते. बंद केल्यावर साधारण आठवड्याने ती पूर्ववत होते. जुलैच्या मुंबईत आभाळ भरलेलं असलं तरी अतिनील किरणांचा बराच हिस्सा ढगांतून खाली येतो. शिवाय सावळ्या त्वचेत डोळ्यांना दिसणारा साधा प्रकाशही डाग गडद करतो, आणि पारदर्शक सनस्क्रीन तो फारसा अडवत नाही. लोह-ऑक्साइड घातलेलं, त्वचेच्या रंगाचं सनस्क्रीन अडवतं. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांवर मावेल एवढं घ्या. घामाने आणि लोकलच्या गर्दीत पुसलं जातं, म्हणून दिवसा बाहेर पडायचं असेल तर ऑफिसातून निघण्याआधी पुन्हा एकदा. रुमालाने चेहरा पुसताना टिपायचा, घासायचा नाही.