अंड्यातलं खेळणं आणि पाच वर्षांचं गिऱ्हाईक: एका प्रतिक्रियेला उत्तर

“लेख वाचला, पटला नाही. पैसे आईबापांच्या खिशातून जातात, मग ‘नाही’ म्हणायची जबाबदारीही त्यांचीच. गोळ्या-बिस्किटांच्या जाहिराती आमच्या लहानपणीही होत्या, आम्ही काही बिघडलो नाही. फार तर कोपऱ्यात ‘ही जाहिरात आहे’ असं लिहा. बंद्या घालून मुलांना भाबडंच ठेवायचंय का?”

नमस्कार. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना उद्देशून जाहिराती सरसकट नकोत, असं मी मूळ लेखात म्हटलं होतं, त्यावरची ही प्रतिक्रिया. कोपऱ्यातल्या पट्टीपासून सुरुवात करू, कारण सगळं तिथेच अडतं.

जाहिरात समजणं म्हणजे दोन गोष्टी समजणं. पहिली, हा कार्यक्रमाचा भाग नाही. पाच वर्षांची बरीच मुलं एवढं ओळखतात: कार्टून थांबलं, गाणं बदललं, जाहिरात लागली. पण जाहिरात लावतात कशाला, असं विचारलं तर “दुकानात काय आलंय ते सांगायला” किंवा “मध्ये जरा थांबायला” अशी उत्तरं येतात. समोरच्याला आपल्याला काहीतरी विकायचंय, म्हणून तो चांगलं तेवढंच सांगतोय, ही दुसरी समज साधारण सात-आठ वर्षांनंतर येते. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने, म्हणजे एपीएने, २००४ मध्ये याच कारणासाठी आठ वर्षांखालच्या मुलांना उद्देशून केलेल्या जाहिरातींवर निर्बंध सुचवले होते.

तुमची पट्टी पहिल्या समजेला हातभार लावते. दुसरीला तिचा काही उपयोग नाही, आणि मुळात ती वाचता यायला हवी. बोलून दाखवली तरी शब्द कोणते, यावर सगळं अवलंबून असतं. १९७७ च्या एका अमेरिकी प्रयोगात खेळण्याच्या जाहिरातीला “जोडणी आवश्यक” अशा धाटणीची नेहमीची सूचना जोडली. ती ऐकलेल्या मुलांना सूचना न ऐकलेल्या मुलांपेक्षा काही जास्त कळलं नाही. तीच गोष्ट “हे तुला जोडावं लागेल” अशी साध्या शब्दांत सांगितली तेव्हा कळली. आपल्याकडच्या जाहिरातींत शेवटी धावणारं “अटी लागू” आणि “बॅटरी वेगळी” आठवून पाहा. ते मुलासाठी लिहिलेलंच नसतं. वीस सेकंदांच्या जाहिरातीतले बाकीचे एकोणीस सेकंद मात्र त्याच्यासाठीच असतात.

आता आईबापांची जबाबदारी. ती आहेच. पण त्यांना पटवायचं असतं तर त्यांच्याशीच बोलता आलं असतं: किंमत काय, साखर किती, खेळणं किती दिवस टिकतं. तसं न करता मुलाशी बोलायचं, म्हणजे दुकानात हट्ट करायचं काम मुलावर सोपवायचं. मधल्या सुट्टीत एखादा विक्रेता बालवाडीत शिरून सतरंजीवर बसला आणि “घरी जाऊन आईला सांगा हं” म्हणाला, तर शिक्षिका त्याला बाहेर काढतील. “तुमच्या पालकांनी नाही म्हणावं” असं तेव्हा कोणी म्हणणार नाही.

हे नुसतं उदाहरण नाही. कॅनडातल्या क्विबेक प्रांतात सापुतो या कंपनीने गोरिलाचं चित्र असलेल्या छोट्या केकचा प्रचार पाळणाघरांतून केला होता. २००९ मध्ये तिने गुन्हा कबूल केला आणि ४४,००० डॉलर दंड भरला. तेरा वर्षांखालच्या मुलांना उद्देशून व्यापारी जाहिरात करायला तिथे १९८० पासून मनाई आहे. एका खेळणी कंपनीने त्या कायद्याला दिलेलं आव्हान १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तीन विरुद्ध दोन अशा मतांनी फेटाळलं गेलं. जाहिरात मुलांना उद्देशून आहे की नाही, हे हा कायदा तीन प्रश्नांवरून ठरवतो. वस्तू कोणासाठी आहे? मांडणी कशी आहे? आणि ती कुठे, कधी दाखवली?

हे प्रश्न एका जाहिरातीला लावू. कुठल्याही कंपनीची खरी जाहिरात घेत नाही, एक कल्पित घेऊ. चॉकलेटचं अंडं, आत खेळणं. वीस सेकंद. अंडं उघडतं, आतला डायनासोर उडी मारून डरकाळी फोडतो, चार मुलं ओरडतात, पाचवा मुलगा रिकाम्या हाताने बाजूला उभा. शेवटी आवाज येतो: “सगळे सहा जमव!” संध्याकाळच्या कार्टूनच्या मध्ये लागते. तिन्ही प्रश्नांचं उत्तर एकच येतं: मूल. आता हीच वस्तू रात्रीच्या बातम्यांत दाखवा, आई खोका हातात घेऊन वजन आणि किंमत सांगतेय. वस्तू बदलली नाही, पण बोलणं मोठ्या माणसाशी सुरू झालं. माझी हरकत पहिल्या जाहिरातीला आहे, दुसरीला नाही. मुलांचा खाऊच विकू नका, असं मूळ लेखातही म्हटलेलं नव्हतं.

या वीस सेकंदांत आपल्याकडचे नियमही मोडतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं जून २०२२ पासून लागू आहेत. “विकत घे” किंवा “आईबाबांना घ्यायला लाव” असं मुलाला थेट सांगायचं नाही. वस्तू नसली तर हसं होईल किंवा आपण कमी ठरू, असं सुचवायचं नाही. तो रिकाम्या हाताचा पाचवा मुलगा इथे अडकतो. आकार आणि करामती फुगवून दाखवायच्या नाहीत. डरकाळी फोडणारा डायनासोर प्रत्यक्षात बोटाएवढा, न हलणारा प्लास्टिकचा तुकडा असेल तर तोही अडकतो.

निसटतं ते खेळण्याचं आमिष. चिप्स, सोडायुक्त पेयं आणि तसल्या खाऊच्या जाहिराती मुलांच्या कार्यक्रमांत किंवा मुलांच्या वाहिनीवर नकोत, असं तत्त्वं स्पष्ट म्हणतात. मात्र भेटवस्तूंच्या आमिषाला फक्त ‘परावृत्त करावं’ एवढंच म्हटलंय. चिलीने २०१६ मध्ये इथेच घट्ट रेघ ओढली: साखर किंवा चरबी ठरावीक मर्यादेपलीकडे असलेल्या खाऊसोबत खेळणी, स्टिकर असं काही द्यायचंच नाही. आत खेळणं असलेलं चॉकलेटचं अंडं तिथल्या दुकानांतून गेलं. आपल्याकडे किंडर जॉय बारामतीत बनतं, एका अर्ध्यात गोड आणि दुसऱ्या अर्ध्यात खेळणं, आणि वाण्याच्या गल्ल्यापाशी सहज दिसतं. त्या जागेला क्विबेकचा कायदाही हात लावत नाही, कारण वेष्टन आणि दुकानाची काच त्यातून वगळलेली आहे. हे माझ्या बाजूचं मोठं भोक आहे आणि त्यावर सोपा तोडगा मला दिसत नाही.

तुमच्या लहानपणच्या जाहिरातीला निदान सुरुवात आणि शेवट होता. आज इंटरनेटवरच्या व्हिडिओत एखादं मूल खेळण्याचा खोका दहा मिनिटं उघडत बसतं आणि तोच कार्यक्रम असतो. मध्ये काही थांबतच नाही, मग पाच वर्षांच्या मुलाने पहिली समज तरी कुठे वापरायची?

भाबडेपणाबद्दल मात्र तुमचं अर्धं म्हणणं मान्य. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला शिकवता येतं. जाहिरात बघताना “यात काय सांगितलं नाही?” असं विचारलं की ते बरंच पकडतं; विचारलं नाही तर कळत असूनही वापरत नाही. म्हणून बारा वर्षांपर्यंत सरसकट एकच नियम, हे मूळ लेखातलं वाक्य मी मागे घेतो. आठच्या आत मुलाला उद्देशून विक्री नको. आठ ते बारा वयात आमिष आणि हिणवणं नको, बाकी चालेल.

आणि तुम्हाला स्वतःला अशी जाहिरात खटकली तर वाहिनी, तारीख, वेळ, आधी-नंतर कुठला कार्यक्रम होता आणि खटकलेलं नेमकं वाक्य लिहून ठेवा. जमलं तर पडद्याचा व्हिडिओ घ्या. कार्यक्रमाचं नाव राहून गेलं तर जाहिरात मुलांच्या वेळेत लागली होती, हे दाखवणं अवघड होतं. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर आहे. जाहिरात मानक परिषदेला, म्हणजे एएससीआयला, ७७१००१२३४५ वर व्हॉट्सअ‍ॅप करता येतं.