चार प्रश्न विचारले, उत्तर आलं ‘हो, चालेल’

सर्व्हर शनिवारी हलवायचा की रविवारी? आधी बॅकअप कोण घेणार? जुना सर्व्हर आठवडाभर चालू ठेवायचा का? ग्राहकांना कोण कळवणार? मेलमध्ये हे चार सरळ प्रश्न होते. उत्तर आलं सगळ्यात वर, एका ओळीत: ‘हो, चालेल.’ अरे, काय चालेल? एकाने त्याचा अर्थ शनिवार घेतला, दुसऱ्याने जुना सर्व्हर चालू ठेवायचा असा, आणि दोघांनीही पुन्हा त्याच्या वरतीच उत्तरं ठोकली. खाली सगळे जुने मेल, सह्या आणि गोपनीयतेच्या सूचना, प्रत्येक वेळी नव्याने चिकटलेल्या. बॅकअपचा प्रश्न त्या ढिगात कुठे गाडला गेला ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. नंतर सीसीत आलेल्या माणसाने तळापासून वर वाचत जायचं, पण प्रत्येक मेल मात्र वरून खाली. डोकं फिरतं!

मग कुणीतरी शहाणा म्हणतो, खाली लिहा. क्रम सरळ होतो, मान्य. पण वरचं काहीही न छाटता तळाशी दोन ओळी लिहिल्या, तर त्या शोधायला मैलभर स्क्रोल करायचं, आणि कुठलं उत्तर कुठल्या प्रश्नाचं हा घोळ तसाच राहतो.

इतकं सोपं आहे हो हे:

```
> सर्व्हर शनिवारी की रविवारी?
शनिवारी, रात्री ११ नंतर.

> आधी बॅकअप कोण घेणार?
मी, शुक्रवारी संध्याकाळी.
```

प्रश्नाखाली त्याचं उत्तर, बाकीचं छाटून टाकायचं. एखादा प्रश्न सुटला तर त्याच्याखालची रिकामी जागा लगेच दिसते. जेवढा संदर्भ लागतो तेवढाच मजकूर ठेवा, हे इंटरनेटवरच्या शिष्टाचाराच्या आरएफसी १८५५ या दस्तऐवजात १९९५ सालीच लिहून ठेवलंय. पण आउटलुक आणि जीमेल कर्सर वरती ठेवतात. जीमेल तर जुना मजकूर तीन टिंबांमागे दडवतं, मग छाटायचं कुणाला सुचणार? थंडरबर्डमध्ये हवी तेवढी ओळ सिलेक्ट करून रिप्लाय दाबला की तेवढीच उद्धृत होते. टिंबं उघडून नको त्या ओळी डिलीट करायलाही फार वेळ लागत नाही.

आणि ते ‘माझी उत्तरं लाल रंगात’ बंद करा! साध्या मजकुरात रंग उडतो आणि कोण काय बोललं ते कळेनासं होतं. तिसरा माणूस निळा घेतो, चौथा हिरवा. `>` ही खूण मजकुरातच असते, ती उडत नाही. पुढच्या उत्तरात तिची `>>` होते, म्हणजे कुठलं वाक्य किती जुनं तेही कळतं.

दोघांतच एका ओळीचा विषय असेल तर खुशाल वर लिहा, माझं काही म्हणणं नाही. पण सहा माणसं आणि चार मुद्दे असताना वरती ‘ओके’ टाकून मोकळं होणं म्हणजे स्वतःचा अर्धा मिनिट वाचवायला बाकी पाच जणांना तोच ढीग उपसायला लावणं आहे.