इंदिरानगरच्या ताईंच्या तक्रारीला उत्तर: बाबांचे दोन रिमाइंडर कुठे गेले

ग्राहकाचा अभिप्राय (5 पैकी 2 तारे): "बाबांसाठी गाइडमधून दोनदा रिमाइंडर लावला. एकदा बुधवारी रात्री साडेनऊच्या नाटकाला, एकदा रविवारी दुपारी चारच्या सिनेमाला. दोन्ही वेळा काहीच आलं नाही. वरून बॉक्स मनाने चॅनल बदलतो. ऑफिसला फोन केला तर म्हणे बॉक्स खराब आहे, नवीन घ्या. वर्षाचे पैसे आधी भरून हेच मिळणार का?"

केबल चालकाचं उत्तर:

ताई, नमस्कार. बॉक्स खराब नाही, नवीन घेऊ नका. न तपासता फोनवर तसं सांगितलं गेलं ही आमच्या ऑफिसची चूक आहे. तुमची आणि बाबांची मी मनापासून माफी मागतो. काल संध्याकाळी घरी येऊन जे पाहिलं, ते तुम्हाला विचारूनच इथे लिहितोय, कारण हाच त्रास आमच्या बऱ्याच ग्राहकांना होतो आणि बॉक्स बदलून तो जात नाही.

रविवारचं आधी घेतो, कारण त्याचा धागा तुमच्याच तक्रारीत होता. चॅनल मनाने बदललेलं दिसलं, असं तुम्ही लिहिलंत. मी विचारलं, कोणतं चॅनल लागलं होतं? बाबा म्हणाले, "ज्यावर सिनेमा होता तेच, पण तोवर पाऊण तास उलटून गेला होता." म्हणजे रिमाइंडर आला होता. वेळ व्हायच्या 2 मिनिटं आधी हा बॉक्स पडद्यावर पट्टी दाखवतो: आता बघायचं की रद्द करायचं. कोणी बटण दाबलं नाही, तर तो स्वतःच त्या चॅनलवर जातो. 3 वाजून 58 मिनिटांनी त्याने तेच केलं. पण त्या वेळी नातू टीव्हीवर यूट्यूब बघत होता, आणि यूट्यूब तुमच्या टीव्हीच्या आतलं आहे, बॉक्समधलं नाही. पट्टी बॉक्स काढतो आणि एचडीएमआयच्या वायरीतून टीव्हीकडे पाठवतो. टीव्ही त्या वायरीकडे बघतच नसेल, तर पट्टी येऊन जाते आणि कोणाला पत्ता लागत नाही. काल आपण हे करूनही पाहिलं. 15 मिनिटांनी सुरू होणाऱ्या बातम्यांना रिमाइंडर लावला, टीव्ही बॉक्सवर ठेवला, पट्टी वेळेवर आली. मग पुढच्या कार्यक्रमाला पुन्हा लावला आणि या वेळी टीव्ही यूट्यूबवर नेला. पडद्यावर काहीच आलं नाही, पण बॉक्सवर परत आलो तेव्हा चॅनल बदललेलं होतं. घरात कोणाला अशी शंका आली, तर हीच चाचणी करा. बॉक्सचा दोष आहे की नाही, हे अर्ध्या तासात कळतं.

बुधवारचं कारण वेगळं. बाबा दुपारची झोप झाली की बोर्डावरचं बटण बंद करतात, वीज वाचावी म्हणून. ही सवय चांगलीच आहे. पण वीज नसेल तर बॉक्स मोजणार कशाने? त्याला स्वतःचं घड्याळ असं नाही. वेळ त्याला केबलच्या सिग्नलमधूनच मिळते, कार्यक्रमांच्या यादीसोबत, आणि तीही जागतिक वेळेत. त्यात साडेपाच तास मिळवून तो आपली वेळ दाखवतो. (बॉक्स रीसेट केल्यावर कधी गाइडमध्ये चारचा सिनेमा सकाळी साडेदहाला दिसू लागला, तर हे साडेपाच तास मिळवायचे राहिलेत असं समजा. सेटिंगमध्ये भारताची वेळ निवडली की ठीक होतं. तुमच्याकडे वेळ बरोबर आहे.) लावलेला रिमाइंडर बॉक्सच्या मेमरीत राहतो, वीज गेल्याने पुसला जात नाही. पण बुधवारी बाबांनी बटण लावलं 9 वाजून 40 मिनिटांनी. बॉक्सने वेळ घेतली, साडेनऊ होऊन गेलेत हे पाहिलं आणि रिमाइंडर यादीतून काढून टाकला. म्हणूनच तुम्ही यादी उघडलीत तेव्हा ती रिकामी होती आणि आपण रिमाइंडर लावलाच नव्हता की काय असं वाटलं.

रिमोटने बंद केलं आणि लाल दिवा लागला, म्हणजे बॉक्स झोपलेला असतो. काही मॉडेल रिमाइंडरच्या वेळी स्वतः जागी होतात. तुमचं होत नाही, हे काल तपासलं. म्हणून ज्या कार्यक्रमाची बाबा वाट बघताहेत, त्याआधी निदान 10 मिनिटं बॉक्स पूर्ण चालू असावा आणि टीव्ही बॉक्सच्या इनपुटवर असावा. माझं स्पष्ट मत असं की हा रिमाइंडर आधीच टीव्हीसमोर बसलेल्या माणसाच्या उपयोगाचा आहे. जो बागेत किंवा आतल्या खोलीत आहे, त्याला तो उठवत नाही. बाबांच्या मोबाइलवर पावणेचारचा गजर लावून दिलाय, तो राहू द्या.

आणखी एक अडचण, जी तुमच्याकडे अजून आली नाही पण येईल. सिग्नलमध्ये प्रत्येक कार्यक्रमाला एक क्रमांक, सुरू व्हायची वेळ आणि लांबी दिलेली असते. काही बॉक्स क्रमांक लक्षात ठेवतात. वाहिनीने कार्यक्रम पुढे ढकलून यादी बदलली, तर त्यांचा रिमाइंडरही पुढे सरकतो. तुमचा बॉक्स मात्र लावताना दिसलेली वेळ लिहून ठेवतो. क्रिकेटचा सामना लांबला आणि पुढचा सिनेमा चारचा साडेचारला गेला, तरी पट्टी जुन्याच वेळेला येईल आणि बाबांना सामना दिसेल. गुरुवारी लावलेला रविवारचा रिमाइंडर रविवारी सकाळी गाइड उघडून एकदा पडताळावा. वेळ बदलली असेल, तर जुना काढून नव्या वेळेचा लावावा. यादी वाहिनीकडून येते, ती आमच्या हातात नाही. वाहिनीने ती बदललीच नाही, तर क्रमांकवाल्या बॉक्सलाही काही कळत नाही.

गाइडमध्ये पुढचे दिवस रिकामे दिसतात, असं बाबा म्हणाले. ते बटण नुकतंच लावल्यावर होतं. आत्ताचा आणि पुढचा कार्यक्रम लगेच येतो, लांबच्या दिवसांची माहिती सावकाश भरते. थोडा वेळ थांबून पुन्हा उघडा. बराच वेळ झाला आणि एकाच वाहिनीचे दिवस रिकामे राहिले, तर त्या वाहिनीने यादी दिलेली नाही. सगळ्याच वाहिन्यांचे रिकामे असतील तर मला कळवा, मग दोष आमच्या सिग्नलचा असू शकतो.

नवीन बॉक्सचे पैसे तुमच्याकडून मागितले जाणार नाहीत. बॉक्स खराब म्हणण्याआधी वरची अर्ध्या तासाची चाचणी फोनवरच करून घ्यायची, असं ऑफिसमध्ये कालच बजावलंय. जोडणी करताना आमच्या मुलाने हे सगळं बाबांना दाखवायला हवं होतं, तेही राहून गेलं.

बाबांनी काल माझ्यासमोर शनिवारी रात्री 8 च्या नाट्यसंगीताला रिमाइंडर लावलाय. शनिवारी 7 वाजून 50 मिनिटांनी मी फोन करतो, आणि पट्टी येईपर्यंत फोनवर थांबतो.