‘नाव बदला आणि पाठवून द्या’

बारावीच्या पालकांच्या ग्रुपांवर सध्या फिरणारा मेसेज: “अमेरिकेच्या फॉर्ममधल्या ‘हीच युनिव्हर्सिटी का?’ या प्रश्नावर डोकं खपवू नका. शंभर शब्दांत डिटेल मावतच नाही. एक चांगलं उत्तर लिहा, नाव बदला, सगळीकडे पाठवा. फार तर वेबसाइटवरून दोन प्रोफेसरांची नावं टाका. तसंही ते कुणी वाचत नाही.”

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण ते तपासून बघता येतं. अनेक अमेरिकन विद्यापीठं दरवर्षी ‘कॉमन डेटा सेट’ नावाचा दस्तऐवज प्रसिद्ध करतात. त्यातल्या सी ७ या तक्त्यात प्रवेश देताना कशाला किती महत्त्व दिलं जातं, ते विद्यापीठ स्वतःच सांगतं. येलच्या तक्त्यात निबंधापुढे ‘अतिशय महत्त्वाचं’ या रकान्यात खूण असते. आणि हेच येल आपल्या अशा प्रश्नाला १२५ शब्द देतं. वाचायचं नसतं, तर प्रश्न काढून टाकणं सोपं होतं. तुमच्या यादीतल्या प्रत्येक विद्यापीठाचा हा तक्ता उघडून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

एकच उत्तर सगळ्यांना, हा सल्ला कुठून आला असावा याचा मला अंदाज आहे. ब्रिटनच्या यूकॅस अर्जात तो बरोबरच आहे. तिथे एकच वैयक्तिक निवेदन पाचही पर्यायांना जातं, त्यामुळे एखाद्या विद्यापीठाचं नाव घेणंच चूक ठरतं. थोरल्या भावाने लंडनसाठी जे केलं, ते धाकटीने बॉस्टनसाठी केलं की घोटाळा होतो.

आता शब्दमर्यादा. इथे मला एकच उदाहरण नीट मांडायचं आहे, कारण मेसेजमधला खरा गैरसमज इथेच आहे.

बॉस्टनजवळच्या टफ्ट्स विद्यापीठाने एक अर्धं वाक्य दिलेलं असतं, ‘मी टफ्ट्सला अर्ज करत आहे, कारण…’, आणि ते शंभर शब्दांच्या आत पूर्ण करायला सांगितलेलं असतं. (या मर्यादा वर्षावर्षाला बदलतात, म्हणून चालू वर्षाचा फॉर्मच बघावा.) सातारची एक मुलगी माझ्याकडे मसुदा घेऊन आली. तिची सुरुवात साधारण अशी होती: “मी टफ्ट्सला अर्ज करत आहे, कारण जगप्रसिद्ध प्राध्यापक, आंतरविद्याशाखीय शिक्षण, छोटे वर्ग आणि बॉस्टनच्या सान्निध्यातला सुंदर कॅम्पस यांचा अनोखा संगम इथे आहे.”

पहिले सहा शब्द विद्यापीठानेच दिलेले होते, तरी तिने ते पुन्हा लिहिले. पुढचं सगळं बॉस्टनच्या परिसरातल्या निम्म्या कॉलेजांना लागू पडतं. शिवाय ते विद्यापीठाला आधीच माहीत आहे, त्यांनीच ते माहितीपत्रकात छापलंय. म्हणजे जागा कमी पडली नव्हती. शंभरातले तीस-चाळीस शब्द समोरच्याला त्याच्याच घराचा पत्ता सांगण्यात गेले होते.

प्राध्यापकांची नावंही तिने टाकली होती. तिला लिपी आणि वाचन या विषयात रस, म्हणून मेरीअन वुल्फ यांचं नाव. वाचणाऱ्या मेंदूवरचं त्यांचं काम मोठं आहे आणि त्या टफ्ट्समध्ये बरीच वर्षं होत्या, पण आता त्या यूसीएलएमध्ये आहेत. दुसरं नाव तत्त्वज्ञ डॅनिएल डेनेट यांचं. त्यांचं एप्रिल २०२४ मध्ये निधन झालं. अशी दोन नावं वाचून समोरच्याला एवढंच कळतं, की मुलीने जुन्या पानावरून उतरवून घेतलंय. आणखी एक खड्डा म्हणजे टफ्ट्सचंच फ्लेचर स्कूल. आंतरराष्ट्रीय संबंध म्हटलं की मुलं हटकून त्याचं नाव लिहितात, पण ते पदवीनंतरच्या शिक्षणासाठी आहे. बारावीनंतर तिथे थेट प्रवेश नाही. नाव लिहूच नये असं नाही. त्या व्यक्तीच्या कामातला नेमका कोणता प्रश्न आपल्याला छळतो ते एका वाक्यात सांगता येत असेल, आणि ती व्यक्ती आज तिथे पदवीच्या मुलांना शिकवत असेल, तर जरूर लिहावं. नाहीतर ते बारा-पंधरा शब्द वाचवावेत.

मग मी तिला विचारलं, शनिवारी काय करतेस? ती म्हणाली, वाचनालयात आठ मुलांना मोडी शिकवते. हे तिच्या मसुद्यात कुठेच नव्हतं! ‘तो प्रश्न त्यांच्याबद्दल आहे ना, सर?’ असं तिचं म्हणणं.

प्रश्न दोघांबद्दल असतो. म्हणून आम्ही उलट्या बाजूने शोधायला बसलो. ती जे आत्ता करते, ते पुढे चालू ठेवायला तिथे कोणती जागा आहे? विभागांची पानं आणि अभ्यासक्रमांची यादी चाळण्यात दोन संध्याकाळी गेल्या. हाताला दोनच गोष्टी लागल्या. एक, ‘कॉग्निटिव्ह अँड ब्रेन सायन्स’ हा मेजर, म्हणजे मुख्य विषय. दुसरी, १९६४ मध्ये सुरू झालेलं एक्सपेरिमेंटल कॉलेज. तिथे वरच्या वर्षांतले विद्यार्थी स्वतः कोर्स आखून पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवू शकतात. ही दुसरी सोय मी फारशी कुठे पाहिलेली नाही, आणि ही मुलगी आधीच शिकवते आहे.

तिसरी गोष्ट मिळाली होती, एक नागरी उपक्रम. ती आम्ही सोडून दिली. शंभर शब्दांत दोन तपशील नीट उभे राहतात, तिसरा आला की यादी होते. वाटणी साधारण अशी केली: पस्तीस शब्द तिच्या शनिवारला, पंचवीस मेजरला, पंचवीस एक्सपेरिमेंटल कॉलेजला, उरलेले शेवटच्या वाक्याला. मूळ उत्तर इंग्रजीत आहे, त्याचा मराठी गोषवारा असा:

“…कारण दर शनिवारी मी सातारच्या वाचनालयात आठ मुलांना मोडी लिपी शिकवते. तेच अक्षर एकाच्या हातात दहा मिनिटांत बसतं, दुसऱ्याला तीन आठवडे लागतात. असं का, हे मला त्यांना सांगता येत नाही. कॉग्निटिव्ह अँड ब्रेन सायन्समध्ये मला वाचन हे मानसशास्त्र आणि भाषाविज्ञान अशा दोन्ही बाजूंनी तपासता येईल. पुढे एक्सपेरिमेंटल कॉलेजमध्ये पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी मला कोर्स घ्यायचा आहे, ‘लिपी कशी मरते’. पहिल्या तासाला सगळ्यांच्या हातात एक जुनं पत्र देईन. ते कुणालाच वाचता येणार नाही. तिथून सुरुवात.”

यात नाव बदलून बघा. एक्सपेरिमेंटल कॉलेज दुसरीकडे नेता येत नाही आणि मोडीचा शनिवार दुसऱ्या मुलीला देता येत नाही. ‘स्वप्न’, ‘प्रतिष्ठित’, ‘संगम’ हे शब्द गेले, आणि ते गेल्यामुळेच जागा झाली.

एवढं मात्र मान्य करतो, की अशी दहा उत्तरं लिहायची तर वीस संध्याकाळी जातात, आणि बारावीच्या वर्षात त्या कुणाकडे नसतात. त्यावर मी नाव बदलायला सांगत नाही, यादी सहावर आणायला सांगतो. तिच्या शनिवारचा भाग सगळीकडे जवळपास तसाच राहिला, फक्त मधले पन्नास शब्द दरवेळी नव्याने शोधावे लागले. एका ठिकाणी दोन संध्याकाळी शोधूनही काही सापडलं नाही, तेव्हा ते नावच तिने यादीतून काढलं.

टफ्ट्सचं उत्तर सत्त्याण्णव शब्दांत बसलं. उरलेल्या तीन शब्दांत ‘थँक यू, सर’ लिहू का, असं तिने विचारलं. नको म्हटलं.