पंगतीत एकजण उभा

बढतीच्या अर्जात एक चौकट होती: आपण सध्या करत असलेल्या कामाचे वर्णन इंग्रजीत करा. एकवीस वर्षं स्टोअर सांभाळतोय, त्यात काय अवघड! मी एका दमात लिहिलं, 'आय अ‍ॅम रिस्पॉन्सिबल फॉर चेकिंग इनकमिंग मटेरिअल, टू मेंटेन द स्टॉक रजिस्टर, मंथली रिपोर्ट्स अँड आय सुपरवाइज फोर वर्कर्स.' मग ते भाचीला पाठवलं, शाबासकीच्या आशेने. ती इंग्रजी मजकूर तपासण्याचंच काम करते.

शाबासकीऐवजी फोन आला. "मामा, तुझ्या पंगतीत एकजण पाटावर बसलाय, एक उकिडवा आहे, एक नुसतं ताट पाठवून मोकळा झालाय आणि चौथा दारात उभा राहून भाषण करतोय."

"स्पेलिंग चुकलंय का?"

"स्पेलिंग बरोबर आहे. 'रिस्पॉन्सिबल फॉर' एवढं धर आणि प्रत्येक तुकडा त्याला एकेकटा जोडून मोठ्यांदा वाच."

वाचलं. 'फॉर चेकिंग' ठीक. 'फॉर टू मेंटेन' म्हणताना जीभच अडखळली. 'फॉर मंथली रिपोर्ट्स' मात्र सुरळीत गेलं, म्हणून मी विजयी मुद्रेने थांबलो. "व्याकरणात बसतं," ती म्हणाली, "पण बाकीचे काम करतायत आणि हा नुसता वस्तू होऊन बसलाय. रिपोर्टचं तू करतोस काय? लिहितोस, की रद्दीत घालतोस?" चौथ्याला 'फॉर आय सुपरवाइज' म्हटल्यावर मीच हसलो. शेवटी सगळ्यांना एका मापाचे पाट दिले: 'चेकिंग इनकमिंग मटेरिअल, मेंटेनिंग द स्टॉक रजिस्टर, प्रिपेअरिंग मंथली रिपोर्ट्स अँड सुपरवायझिंग फोर वर्कर्स.'

मला ही चूक ऐकू का आली नाही, याचा विचार करता गुन्हेगार सापडला. मी वाक्य मराठीत जुळवलं होतं: माल तपासणे, नोंदवही ठेवणे. आपल्या एका 'णे'मध्ये इंग्रजीचं 'चेकिंग'ही मावतं आणि 'टू चेक'ही. डोक्यात सगळे 'णे' शिस्तीत बसले होते, इंग्रजीत उतरताना ज्याला जो दरवाजा दिसला त्यातून तो गेला. लिंकनने 1863 साली गेटिसबर्गला 'ऑफ द पीपल, बाय द पीपल, फॉर द पीपल' म्हटलं. तिथे मी असतो तर 'ऑफ द पीपल, बाय द पीपल अँड पीपल शुड बेनिफिट' असं लिहून दिलं असतं.

दुसरं वाक्य माझ्या अभिमानाचं होतं: 'द वेस्टेज इन माय स्टोअर इज लोअर दॅन द अदर स्टोअर.'

"मामा, तू नासाडीची तुलना गोदामाशी केलीस."

आता मराठीत 'पुण्याची हवा मुंबईपेक्षा बरी' म्हटलं तर हवेची तुलना शहराशी केली म्हणून कुणी भांडत नाही. मुंबईकर भांडतील, पण वेगळ्या कारणासाठी. औपचारिक इंग्रजीत मात्र 'दॅन'च्या दोन्ही अंगांना एकाच जातीची वस्तू लागते. नासाडी विरुद्ध नासाडी. म्हणून 'लोअर दॅन दॅट इन द अदर स्टोअर'. तिथला 'दॅट' म्हणजे नासाडीचा बदली कामगार. वस्तू अनेकवचनी असेल तर 'दॅट'च्या जागी 'दोज' कामावर येतो.

हा 'दॅट' मला इतका आवडला की पुढच्या वाक्यात उत्साहाने लिहिलं, 'माय स्टोअर इज बिगर दॅन दॅट ऑफ द अदर स्टोअर.' भाची बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "तुझं गोदाम दुसऱ्या गोदामाच्या गोदामापेक्षा मोठं?" इथे दोन्हीकडे गोदामंच होती, बदली कामगाराची गरजच नव्हती.

'नॉट ओन्ली'ने तर खरंच चकवलं. 'आय नॉट ओन्ली चेक्ड द बिल्स बट ऑल्सो द स्टॉक' यात 'नॉट ओन्ली'नंतर क्रियापद आणि 'बट ऑल्सो'नंतर नुसतं नाम. 'नॉट ओन्ली' उचलून 'चेक्ड'च्या पुढे ठेवलं की दोन्हीकडे नाम येतं: 'आय चेक्ड नॉट ओन्ली द बिल्स बट ऑल्सो द स्टॉक.' यात मराठी किती सोयीची! 'बिलंच नव्हे, तर मालही.' 'च' आणि 'ही' आपापल्या शब्दाला गोचिडीसारखे चिकटतात, भरकटत नाहीत.

अर्ज गेला. पण डोळ्यांना खोड लागली ती लागलीच. परवा बायकोने चिठ्ठी दिली: 'साखर दोन किलो, रवा, गॅसचा नंबर लावणे आणि येताना आईंच्या गोळ्या विसरू नका.' मी म्हटलं, "यात दोन नामं, एक क्रिया आणि एक आज्ञा आहे. पंगत बिघडलीय."

तिने चिठ्ठी परत घेतली, शांतपणे पेन काढलं आणि लिहिलं: 'साखर आणणे, रवा आणणे, गॅसचा नंबर लावणे, आईंच्या गोळ्या घेणे आणि हे करताना तोंड बंद ठेवणे.'

पाचही पाट एका रेषेत. मी पिशवी उचलली.